गरोदरपणात हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन ७: गोळी बदलायची, वाढवायची की शिरेतून लोह द्यायचे?

डॉक्टर, नमस्कार. पत्नीला २६वा आठवडा चालू आहे. दहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.८ आणि फेरिटिन १९ होते. कालच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन ७, एमसीव्ही ७४ आले आहे. गरोदरपणाआधी वजन ५२ किलो होते. बाराव्या आठवड्यापासून आयर्न १०० मि.ग्रॅ.ची गोळी चालू आहे, रात्री जेवणानंतर कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेते. मळमळ आणि बद्धकोष्ठतेमुळे मधूनमधून सुटते. गोळी दुप्पट करू का? की सलाइनमधून आयर्न द्यावे लागेल? रक्त चढवायची वेळ येईल का?

---

आकडे आठवड्यांसकट पाठवलेत हे चांगले केले, कारण गरोदरपणात तारखेशिवाय हिमोग्लोबिनचा अर्थ लावता येत नाही. आधी तिन्ही प्रश्नांची थोडक्यात उत्तरे देतो. गोळी दुप्पट करू नका. रक्त चढवण्याची गरज या आकड्यांवर नाही. शिरेतून लोह लागेल की नाही ते तीन आठवड्यांनंतरच्या एका तपासणीवर ठरवू, आणि ती तपासणी चुकवायची नाही. हे उत्तर तुमच्या पत्नीलाही वाचायला द्या. गोळी त्यांना घ्यायची आहे, त्रास त्यांना होतो आहे, त्यामुळे निर्णयही त्यांच्याशी बोलूनच होईल.

आता रिपोर्ट पाहू. गरोदरपणात रक्तातला द्रव भाग ४० ते ५० टक्के वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे रक्त पातळ होऊन मधल्या तीन महिन्यांत हिमोग्लोबिन थोडे उतरते आणि ते अपेक्षितच असते. म्हणूनच रक्तक्षयाची मर्यादा पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११ आणि दुसऱ्या तिमाहीत १०.५ धरतात. ९.६ हा आकडा या सवलतीच्या मर्यादेच्याही खाली आहे, त्यामुळे तो रक्त पातळ झाल्याच्या खात्यावर टाकून सोडून देता येत नाही.

फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा माग. १५ च्या खाली साठा संपलेला असतो, आणि गरोदरपणात ३० च्या खालीच उपचार सुरू करणे मला योग्य वाटते. फेरिटिनचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवा: ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असली की ते खोटे वाढते. म्हणजे ४० आले म्हणून साठा पुरेसा आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण ७ आले तर दुसरा अर्थ निघत नाही. लोह संपले आहे. त्यासाठी सीरम आयर्न, टीआयबीसी वगैरे तपासण्यांवर आणखी खर्च करण्याची गरज नाही. सीरम आयर्न तर दिवसाच्या वेळेनुसार आणि आदल्या गोळीनुसार बदलते, आणि गोंधळच वाढवते.

खरी सूचना दहाव्या आठवड्यातच मिळाली होती. तेव्हा हिमोग्लोबिन ११.८ असल्यामुळे सगळे ठीक वाटले, पण फेरिटिन १९ होते. फेरिटिनचा प्रत्येक आकडा म्हणजे ढोबळमानाने ८ मिलिग्रॅम साठवलेले लोह. म्हणजे हाताशी जेमतेम १५० मिलिग्रॅम होते. पूर्ण गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागते: सुमारे ३०० बाळ आणि वारेसाठी, ५०० च्या आसपास आईच्या वाढणाऱ्या तांबड्या पेशींसाठी, उरलेले नेहमीच्या झिजेत. सुरुवातीला रोजची गरज एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते, शेवटच्या तिमाहीत ती सहा-सात मिलिग्रॅमवर जाते. १५० ची शिल्लक घेऊन निघाल्यावर विसाव्या आठवड्यानंतर हिमोग्लोबिन घसरणार हे ठरलेलेच होते, गोळी नीट अंगी लागली असती तरच ते टळले असते.

ती का लागली नाही, हे तुमच्या मेसेजमध्येच आहे. पहिले कारण कॅल्शियम. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी पोटात गेले की लोहाचे शोषण कमी होते. दुसरे, भरल्या पोटी घेतलेल्या गोळीतले बरेचसे लोह अन्नातल्या घटकांना चिकटून तसेच पुढे निघून जाते. तिसरे म्हणजे सुटलेले दिवस. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर पाकिटावरचे १०० मिलिग्रॅम फक्त पाकिटावरच राहतात. त्यामुळे ‘गोळी लागू पडली नाही’ असा निष्कर्ष मी अजून काढणार नाही. तिला नीट संधीच मिळालेली नाही.

दुप्पट का नको, तेही सांगतो. लोहाचा एक मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते आतड्यातून रक्तात लोह शिरण्याचे दार सुमारे एक दिवस अर्धवट लोटून घेते. ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून मोठ्या डोसनंतर हा परिणाम दिसतो. म्हणून सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन गोळ्या घेतल्या तर दुसऱ्या गोळीतले फार थोडे लोह आत जाते. बाकीचे आतड्यातच राहते, आणि मळमळ, पोटात मुरडा, बद्धकोष्ठता हे सगळे त्या न शोषलेल्या लोहामुळेच होते. डोस वाढवला की फायदा थोडा आणि त्रास जास्त, मग आणखी दिवस सुटतात. ज्या गोळीने आज त्रास होतो आहे, तिचे उत्तर लहान डोस हे आहे.

तेव्हा उद्यापासून असे करा. ४० ते ८० मिलिग्रॅम मूळ लोह असलेली एकच गोळी दिवसातून एकदा, सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर काही खायचे नाही. चहा-कॉफी गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास नको. कॅल्शियमची गोळी दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या, म्हणजे दोन्हींत आपोआप अंतर पडेल. आम्लपित्ताची गोळी किंवा पातळ औषध चालू असेल तर मला कळवा, कारण पोटातले आम्ल कमी झाले की लोह कमी शोषले जाते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सकाळची रिकाम्या पोटाची वेळ तिची. लोह तिच्यानंतर किमान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाआधी, पोट रिकामे असताना घ्यावे. व्हिटॅमिन सीची वेगळी गोळी मी लिहून देत नाही, तिने फरक पडला तरी फार थोडा पडतो.

पाकीट विकत घेताना एक घोटाळा हमखास होतो. मोठ्या अक्षरांत क्षाराचे वजन असते आणि आपल्याला हवे असते त्यातले मूळ लोह. कोरड्या फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत मूळ लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असते, फेरस फ्युमरेटच्या २०० मिलिग्रॅममध्ये तेवढेच, आणि फेरस ग्लुकोनेटच्या ३०० मिलिग्रॅममध्ये फक्त ३५. काही गोळ्यांवर मात्र थेट मूळ लोहाचाच आकडा छापलेला असतो, तुमची बहुधा तशी असावी. बारीक अक्षरांतली ‘एलिमेंटल आयर्न’ ही ओळ शोधा आणि तिचा फोटो मला पाठवा. ‘सस्टेन्ड रिलीज’ किंवा ‘एन्टरिक कोटेड’ असे लिहिलेली गोळी टाळा. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते. या गोळ्या तिथून पुढे गेल्यावर विरघळतात. पोटाला त्रास कमी होतो तो लोह उशिरा आणि कमी सुटते म्हणून.

सकाळी रिकाम्या पोटी मळमळ सहन झाली नाही तर दोन पायऱ्या आहेत. आधी तीच गोळी दोन-चार घास हलके काहीतरी खाऊन घ्या. शोषण थोडे घटेल, पण सुटलेल्या गोळीपेक्षा ते बरे. तरीही जमले नाही तर एक दिवसाआड घ्या. हेप्सिडिन उतरायला वेळ मिळतो, त्यामुळे प्रत्येक गोळीतले जास्त लोह आत जाते आणि पोटही सावरते. सगळ्यांनाच पहिल्यापासून दिवसाआड का देत नाही, तर एकूण दिवस हाताशी किती आहेत याचाही हिशेब असतो, आणि २६व्या आठवड्यात ९.६ असताना रोजची गोळी झेपत असेल तर मी रोजचीच पसंत करतो. बद्धकोष्ठतेसाठी पाणी आणि तंतुमय आहार वाढवा. त्याने भागले नाही तर गरोदरपणात चालणारे लॅक्टुलोज मी लिहून देईन, शौचाच्या त्रासापायी लोह सोडू नका. गोळी चालू असताना शौच काळसर होणारच. डांबरासारखे चिकट आणि फार उग्र वासाचे झाले, किंवा मूळव्याधीतून रक्त जात असले, तर ते लगेच सांगा, कारण तेव्हा लोह गळतीवाटे जात असते.

एमसीव्ही ७४ कडे थोडे थांबून बघायला हवे. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार. लोह कमी पडले की पेशी लहान होतात, त्यामुळे फेरिटिन ७ असताना ७४ हे समजण्यासारखे आहे. पण लहान पेशींचे आणखी एक कारण असते: थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असणे. दहाव्या आठवड्याचा रिपोर्ट काढून त्यातला एमसीव्ही पाहा. तेव्हा तो ८५ च्या आसपास असेल आणि आता ७४ झाला असेल, तर ही घसरण लोहाची आहे. तेव्हाही तो सत्तरीच्या सुरुवातीला असेल आणि आरबीसी काउंट ५ च्या वर असेल, तर वाहकाची शंका घ्यायला जागा आहे. त्यासाठी एचपीएलसी या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ए-टू या प्रकाराचे प्रमाण पाहतात आणि ३.५ टक्क्यांच्या वर आल्यास वाहक धरतात. इथे एक अडचण येते. लोह फार कमी असले तर हा आकडाही थोडा खाली ओढला जातो, त्यामुळे ३.३ सारखे काठावरचे उत्तर आले तर ‘नाही’ समजायचे नाही. ही तपासणी आधी झाली असेल तर रिपोर्ट पाठवा, झाली नसेल तर आता करून घेऊ. त्यांचा रिपोर्ट वाहकाचा किंवा शंकास्पद आला तर तुमचेही रक्त त्याच आठवड्यात तपासायचे, थांबायचे नाही. दोघेही वाहक असतील तर बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते आणि पुढचा सल्ला तातडीने घ्यावा लागतो. पत्नी वाहक असल्या तरी फेरिटिन ७ असताना लोह द्यायचेच, त्यात बदल नाही.

पुढची तपासणी तीन आठवड्यांनी, म्हणजे २९व्या आठवड्यात, शक्यतो त्याच लॅबमध्ये. तोपर्यंत गोळी घेतलेल्या दिवसांवर कॅलेंडरमध्ये खूण करा. नीट घेतलेल्या गोळीने तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढायला हवे. म्हणजे १०.६ च्या आसपास. ९.६ चे ९.९ आले तर त्याला सुधारणा म्हणू नका, एवढा फरक दोन सुयांमध्येही पडतो. फेरिटिन त्या वेळी करण्याची गरज नाही. येणारे लोह आधी पेशी बनवण्यात खर्च होते, साठा नंतर भरतो, त्यामुळे हिमोग्लोबिन वाढत असतानाही फेरिटिन खालीच दिसेल आणि उगाच काळजी वाटेल.

२९व्या आठवड्यात वाढ झाली असेल तर तीच गोळी पुढे चालू. खुणा नियमित असूनही वाढ नसेल, किंवा त्रासामुळे गोळी पोटात टिकतच नसेल, तर मी आणखी महिनाभर गोळ्या बदलत बसणार नाही, शिरेतून लोह देऊ. बी-१२ ची कमतरताही गोळीला प्रतिसाद न मिळण्याचे कारण असू शकते, म्हणून तेव्हा तीही पाहू. वेळेचे गणित असे आहे की शिरेतून दिलेल्या लोहाचेही हिमोग्लोबिन व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. ३० व्या आठवड्यात दिले तर प्रसूतीपर्यंत पुरेसा अवधी मिळतो. ३७ व्या आठवड्यात घाईने दिलेली बाटली प्रसूतीच्या दिवशी फारशी कामाला येत नाही. ३४ आठवड्यांनंतर हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल, तर गोळीची वाट पाहण्यात अर्थ नसतो. हा उपचार पहिल्या तिमाहीत करत नाहीत, दुसऱ्या तिमाहीपासून करता येतो.

किती लोह लागेल, त्याचा हिशेब. प्रचलित सूत्रात वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, आणि त्यात साठ्यासाठी ५०० मिळवतात. वजन गरोदरपणापूर्वीचे धरायचे. ५२ × (११ − ९.६) × २.४ म्हणजे १७५, अधिक ५००, एकूण ६७५ मिलिग्रॅम. पण हे सूत्र गरोदर नसलेल्या माणसाचे रक्त, म्हणजे किलोमागे ७० मिलिलीटर, धरून केलेले आहे. तुमच्या पत्नीच्या शरीरात आता पावणेपाच लिटरच्या आसपास रक्त असेल, त्यामुळे तीच तूट भरायला १७५ ऐवजी सव्वादोनशे लागतील. शिवाय बाळ पुढच्या काळात आईकडून जे लोह घेणार आहे, त्यातले बरेचसे शेवटच्या तिमाहीतच जाते आणि ते या सूत्रात कुठेच नाही. म्हणून व्यवहारात १००० मिलिग्रॅमचे उद्दिष्ट ठेवणे योग्य. काही औषधांच्या तक्त्यांत ९.६ साठी त्याहून मोठा आकडाही निघतो, तो दोन भागांत देतात.

फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज वापरले तर एका वेळी कमाल १००० मिलिग्रॅम, किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅमच्या मर्यादेत, आणि आठवड्यात एकदाच. ५२ किलोला २० ने १०४० येतात, म्हणजे १००० एका बैठकीत बसतात. १५ ची मर्यादा पाळली तर ७८० पर्यंतच देऊन उरलेले पुढच्या आठवड्यात. १००० मिलिग्रॅम जास्तीत जास्त २५० मिलिलीटर नॉर्मल सलाइनमध्ये मिसळतात आणि किमान १५ मिनिटे चालवतात. त्याहून जास्त पातळ केले तर औषध टिकाऊ राहत नाही, म्हणून मोठ्या बाटलीत मिसळणे चूक. आयर्न सुक्रोज असेल तर एका वेळी २०० मिलिग्रॅम, आठवड्यात जास्तीत जास्त तीनदा. म्हणजे १००० साठी पाच फेऱ्या. दोन्ही औषधांनी काम होते, फरक मुख्यतः फेऱ्यांचा आणि खर्चाचा आहे.

हे घरी किंवा तातडीच्या औषधांची सोय नसलेल्या ठिकाणी घेऊ नका. संपल्यावर किमान ३० मिनिटे तिथेच थांबायचे, बाळाचे ठोके पाहायचे. दमा, एक्झिमा, औषधांची ॲलर्जी किंवा पूर्वी लोहाच्या सुईची रिॲक्शन असेल तर आधी सांगा. अंगात ताप किंवा सक्रिय जंतुसंसर्ग असेल तर तारीख पुढे ढकलू. चालू असताना चेहरा लाल होणे, छातीत किंवा पाठीत आवळल्यासारखे वाटणे हे काहींना होते. रक्तदाब नीट असेल तर ठिबक थांबवून थोड्या वेळाने हळू गतीने पुन्हा सुरू करता येते. धाप, ओठ सुजणे, चक्कर येऊन रक्तदाब उतरणे ही खरी ॲलर्जी, अशा वेळी ते औषध पुन्हा द्यायचे नाही. सुईच्या जागी चुरचुरले तर क्षणभरही न थांबता नर्सला सांगायला सांगा. औषध शिरेबाहेर गेले तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो फार काळ राहतो. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोजनंतर काहींचे फॉस्फेट उतरते, विशेषतः डोस पुन्हा द्यावा लागला तर. नंतर हाडे दुखू लागली किंवा स्नायूंत अशक्तपणा आला तर त्याची तपासणी करावी लागते.

शिरेतून लोह दिल्यावर तोंडाने घ्यायची गोळी बंद करायची, दोन्ही एकत्र चालवून उपयोग होत नाही. फोलिक ॲसिड मात्र चालू राहील, आणि ते लोहाच्याच गोळीत असेल तर वेगळे लिहून देईन. फेरिटिन त्यानंतर किमान चार आठवडे करू नका. ते काही शेकड्यांत येते आणि लोह जास्त झाले अशी भीती वाटते. कमरेत दिली जाणारी लोहाची इंजेक्शने कोणी सुचवली तर नको म्हणा. ती दुखतात, डाग पाडतात आणि शिरेतल्या उपचाराहून सरस नाहीत.

रक्ताची पिशवी ही वेगळी गोष्ट आहे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले, हृदयावर ताण पडल्याची चिन्हे दिसली किंवा रक्तस्राव चालू असला, तर तिचा विचार होतो. पण बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, सतत धडधड, घेरी येऊन पडणे किंवा योनीमार्गे रक्त जाणे यांतले काहीही झाले तर मेसेज करू नका. आकडा कितीही असो, थेट दवाखान्यात या.

हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले म्हणून गोळी थांबवू नका. त्यानंतर तीन महिने, आणि कमीत कमी प्रसूतीनंतर सहा आठवडे ती चालू ठेवायची, म्हणजे साठा भरतो. स्तनपान करताना ती चालते. प्रसूतीपर्यंत हिमोग्लोबिन सुधारले नसेल, किंवा प्रसूतीत ५०० मिलिलीटरपेक्षा जास्त रक्त गेले, तर ४८ तासांच्या आत पुन्हा हिमोग्लोबिन करून घेऊ. आणि घरात लहान मूल असेल किंवा येत-जात असेल, तर या गोळ्या कुलपात ठेवा. थोड्या गोळ्याही लहान मुलाला जिवावर बेतू शकतात, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता पाकिटासकट रुग्णालयात न्यायचे.

सध्या मला तीन गोष्टी पाठवा: गोळीच्या पाकिटाचा फोटो, दहाव्या आठवड्याचा पूर्ण सीबीसी रिपोर्ट आणि चालू असलेल्या बाकी सगळ्या औषधांची यादी.